बॅटरीचं एक वर्ष कितीला पडतं?

इन्व्हर्टरची बॅटरी विचारायला दुकानात गेलं की तीन आकडे ऐकायला मिळतात: किंमत, बॅटरीत किती वीज मावते ते सांगणारे एएच आणि वॉरंटीचे महिने. मला त्यातून चौथा आकडा काढायचा होता. लाईट गेल्यावर माझ्या घरात जितके तास पंखे-दिवे चालायला हवेत, तितके तास चालवणारी बॅटरी मला वर्षाला किती रुपयांना पडते? हा आकडा कुठल्याच पत्रकावर छापलेला नसतो, कारण तो घरागणिक बदलतो. तो मी कसा काढला ते सगळं इथं लिहिते आहे. किमती २०२५ च्या दिवाळीनंतर आमच्या भागात मला सांगितलेल्या आहेत, तुमच्याकडं पाच-सातशे रुपये इकडंतिकडं होतील. पण हिशोबाची रीत तीच राहील.

आमचं घर खानापुरात. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस लागला की जंगलातनं येणाऱ्या तारांवर झाडं पडतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये एकेका वेळी चार-चार तास लाईट नसणं ही आमच्यासाठी नवलाची गोष्ट नाही. उरलेलं वर्ष मात्र बरं जातं. कधी अर्धा तास, कधी तासभर, तेवढंच. बॅटरीच्या दृष्टीनं हे महत्त्वाचं आहे, कारण तिचं आयुष्य दोन वाटांनी संपतं. रोज खोलवर रिकामी होऊन पुन्हा भरत राहिली तर ती फेऱ्यांनी झिजते, आणि नुसती भरलेली बसून राहिली तरी आतल्या पट्ट्या वर्षागणिक गंजत जातात. आमच्यासारख्या घरात, जिथं दोन-तीन महिने जोराचा वापर आणि बाकी वर्ष आराम, तिथं दुसरी वाटच आधी संपते. म्हणून "हजार-बाराशे सायकल चालते" असं दुकानात सांगितलं तरी मी तो आकडा हिशोबात घेतला नाही. वर्षाला जेमतेम साठ-सत्तर खोल फेऱ्या होणाऱ्या घरात बाराशे फेऱ्या भरायला सतरा ते वीस वर्षं लागतील. तितकी वर्षं कुठलीच शिशाची बॅटरी जगत नाही.

आमची जुनी बॅटरी १५० एएचची ट्युब्युलर, २०१९ च्या जुलैत घेतलेली. २०२४ च्या पावसात ती तासाभरातच मान टाकायला लागली. नवीन घेण्याआधी तिला नक्की काय झालंय हे बघून घ्यायचं ठरवलं, कारण कधीकधी नुसतं पाणी कमी झालेलं असतं किंवा टर्मिनलवर पांढरा थर चढलेला असतो, आणि लोक धडधाकट बॅटरी मोडीत घालतात. आमच्याकडं येणारा मेकॅनिक मुलगा रात्रभर चार्जिंगला लावायला सांगून दुसऱ्या दिवशी आला. वरची सहा बुचं काढली आणि प्रत्येक घरात, म्हणजे सेलमध्ये, ॲसिडचा दाटपणा मोजणाऱ्या हायड्रोमीटरची काचेची नळी घालून रबरी फुग्यानं ॲसिड वर ओढलं. नळीतला तरंगता काटा कुठल्या रेघेवर थांबतो ते तो मोठ्यानं वाचायचा, मी वहीत लिहायची. १२४०, १२३०, १२४०, १२४०, १२३० आणि पाचव्या नंतरचं शेवटचं घर, ११५०.

"बघा की अक्का," तो म्हणाला, "पाच घरं ठीक हैत. एकच सेल गेलाय. पण सहा भाऊ एका माळेत बांधलेत, एक बसला की सगळे बसतात."

पूर्ण चार्जनंतर घराघरांत पन्नासाच्या आसपास फरक दिसला तर ती बॅटरी संपली असं धरायचं, असं त्याचं म्हणणं. इथं तर नव्वदाचा होता. सहाही घरं सारखीच खाली, म्हणजे १२०० च्या आसपास असती, तर आधी चार्जिंगमध्ये दोष आहे का ते बघावं लागलं असतं. ही खूण मला फार उपयोगी वाटली. एकच घर खाली म्हणजे बॅटरीचा दोष, सगळी सारखी खाली म्हणजे चार्जरचा किंवा अपुऱ्या विजेचा.

या बॅटरीनं सव्वासहा वर्षं काढली असं कागदावर दिसतं. पण शेवटच्या सव्वा वर्षात ती कामाची नव्हती, पंखा तासाभरात बंद. सासूबाईंना दम्याचा त्रास, पंखा बंद झाला की त्या उठून बसतात. म्हणून तिचं कामाचं आयुष्य मी पाच वर्षंच धरलं. हिशोबातली ही व्याख्या पक्की केल्याशिवाय पुढं जाता येत नाही. बॅटरी पूर्ण मरते तो दिवस धरायचा नाही, गरजेचे तास देईनाशी होते तो दिवस धरायचा.

मग गरजेचे तास किती? लाईट गेल्यावर आमच्याकडं दोन पंखे चालतात, सत्तर वॉटचे. नऊ वॉटचे पाच दिवे, वायफायचं यंत्र आणि दोन मोबाईल, मिळून साधारण दोनशे दहा वॉट. इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो, म्हणून शंभरातले ऐंशी धरायचे. बारा व्होल्टला ऐंशी टक्क्यांनी गुणलं की साडेनऊच्या वर थोडं येतं. दोनशे दहाला त्यानं भागलं की बावीस. म्हणजे बॅटरीतून सतत बावीस अँपिअर ओढले जातात. आम्हाला हवेत चार तास.

इथं बहुतेक लोक १५० ला बावीसनं भागतात आणि जवळजवळ सात तास मिळतील असं समजतात. तसं मिळत नाहीत. १५० एएच हा आकडा वीस तासांच्या हिशोबाचा असतो. बॅटरी साडेसात अँपिअरनं हळूहळू रिकामी केली तर वीस तास पुरेल, असा त्याचा अर्थ. तीच बावीसनं ओढली तर ती पूर्ण १५० देत नाही, साधारण १२० देते. म्हणजे नवीन असताना साडेपाच तास. १०० एएचच्या बॅटरीला हेच ओझं जास्त जड जातं, ती जेमतेम पंचाहत्तर देते, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. उलट २०० एएचला तेच ओझं हलकं, तिच्याकडनं १७० मिळतात, पावणेआठ तास. एएच दुप्पट केले की तास दुपटीपेक्षा जास्त वाढतात, हे लक्षात आल्यावर "एएचला किती रुपये" हा दुकानातला हिशोब मी सोडून दिला.

१०० एएचची बॅटरी आमच्या यादीतून इथंच गेली, नवीन असतानाच ती चार तास देत नाही. १५० ची साडेपाचपासून सुरू होते आणि झिजत झिजत चारवर येते तो तिचा शेवटचा दिवस.

आता भाव. खानापुरात, बेळगावात गणपत गल्लीच्या आसपास आणि टिळकवाडीत विचारलं. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण प्रत्येक कंपनीत स्वस्त-महाग मालिका असतात आणि माझा हिशोब मालिकांचा आहे. १५० एएचची ट्युब्युलर तीन प्रकारांत मिळत होती. पहिलीवर २४ अधिक २४ महिने, किंमत ११,८००. दुसरीवर ३६ अधिक २४, किंमत १३,६००. तिसरीवर सरळ ६० महिने, किंमत १६,४००. वरनं बघितलं तर दुसरी आणि तिसरी दोन्ही ६० महिन्यांच्या, मग २,८०० रुपये जास्त का द्यायचे? दुकानातल्या पोरानं मला हेच विचारलं, आणि तो दुसरी घ्या म्हणत होता.

उत्तर त्या "अधिक"मध्ये आहे. आधीचा आकडा पूर्ण वॉरंटीचा, त्या काळात बॅटरी गेली तर फुकट बदलून मिळते. नंतरचा आकडा प्रो-रेटाचा, त्या काळात नवीन बॅटरीवर सवलत मिळते. मी कार्ड मागून घेतलं आणि मागची बारीक अक्षरं वाचली. त्यावर पंचेचाळिसाव्या महिन्यासाठी पंचवीस टक्के सवलत होती. पण कशावर? त्या दिवशीच्या एमआरपीवर. आणि जुनी बॅटरी कंपनीकडं जमा करायची, तिचे वेगळे पैसे नाहीत.

त्या दुसऱ्या बॅटरीची एमआरपी १९,९०० होती. पंचवीस टक्के म्हणजे ४,९७५ वजा, हाती येते १४,९२५. तीच बॅटरी दुकानात मला वॉरंटीबिरंटी न दाखवता १३,६०० ला मिळत होती, वर जुनी मोडीत दिली की ३,८०० सुटत होते. म्हणजे ९,८००. प्रो-रेटाचा हक्क वापरणाऱ्याला पाच हजार रुपये जास्त द्यावे लागतात! दुकानातल्या पोराला मी हा हिशोब त्याच्याच कॅल्क्युलेटरवर करून दाखवला. मालक आतनं म्हणाले, "ते बरोबर आहे हो. प्रो-रेटाला कोण येतंय? वर्षाला एखादं." त्यांनी हे सरळ सांगितलं याचं मला बरं वाटलं.

म्हणून माझ्या वहीत प्रो-रेटाच्या महिन्यांपुढं मी शून्य लिहिलं. एमआरपी आणि दुकानची किंमत यांत फारसं अंतर नसेल तर हे शून्य लिहिता येणार नाही, तेव्हा तुमच्या कार्डावरच्या टक्क्यांनी हाच गुणाकार करून बघा. पण ट्युब्युलरच्या बाजारात हे अंतर बहुधा मोठंच असतं.

पूर्ण वॉरंटीचीही एक बाजू माहीत असावी. समजा साठ महिन्यांची बॅटरी पन्नासाव्या महिन्यात बदलून मिळाली, तर नव्या बॅटरीला पुन्हा साठ महिने मिळत नाहीत, जुनीचे उरलेले दहाच मिळतात. आणि बदलून देण्याआधी ते बॅटरी घेऊन जातात, चोवीस तास चार्ज करतात, लोड लावून बघतात. "बॅकअप कमी झालाय" एवढ्यावर बदलून मिळेलच असं नाही, सेल गेलेला दिसावा लागतो. त्या दोन-तीन दिवसांसाठी दुसरी बॅटरी लावून देणार का हे मी प्रत्येक ठिकाणी विचारलं. दोन दुकानांनी हो म्हटलं, एकानं पावसाळ्यात जमत नाही असं सांगितलं. पावसाळ्यातच तर आम्हाला लागते.

तर वॉरंटी ही किमान खात्री झाली. पण प्रत्यक्षात बॅटरी किती वर्षं काढते? यासाठी मी त्या मेकॅनिक मुलाची बिलबुकं बघितली. तो बॅटरी बदलतो तेव्हा नव्या बिलाच्या कोपऱ्यात जुनीची तारीख आणि मालिका लिहून ठेवतो, कुणाला गिऱ्हाईक म्हणून कधी फोन करायचा ते कळावं म्हणून. आमच्याच तालुक्यातली घरं, आमच्यासारखाच पाऊस आणि तोच वापर. यापेक्षा चांगली माहिती मला कुठल्या पत्रकात मिळाली नसती. त्याच्या नोंदींवरून दिसलं ते असं. २४ महिने पूर्ण वॉरंटीवाल्या साधारण तीन वर्षांत, क्वचित साडेतीनमध्ये परत येतात. ३६ वाल्या चार ते पाच वर्षांत. ६० वाल्या सहाच्या आसपास, काही त्याच्याही पुढं. यात दुकानांत चालणाऱ्या बॅटऱ्या मी वगळल्या, कारण झेरॉक्स आणि गिरणीवाल्यांच्या बॅटरीवर ओझं वेगळं असतं. शिवाय बऱ्याच कार्डांवर धंद्याच्या वापराला वॉरंटी कमी असते, तेही वाचून घ्यावं लागतं.

या फरकाचं कारण मला वजनकाट्यावर दिसलं. टिळकवाडीच्या दुकानात तीनही बॅटऱ्या ॲसिड भरलेल्या होत्या, मी वजन करून मागितलं. पहिली एकोणपन्नास किलो, दुसरी पंचावन्न, तिसरी एकसष्ट. आकार जवळजवळ सारखाच आणि एएच तर तेच. वरचं सहा-सहा किलो म्हणजे मुख्यतः शिसं. ट्युब्युलर पट्टीचा शिशाचा कणा जितका जाड, तितका तो गंजून तुटायला जास्त वर्षं लागतात. कंपनी साठ महिने फुकट बदलून द्यायचं लिहून देते ती या जाड कण्याच्या भरवशावर. बिलावर वजन लिहिलेलं नसतं, पण पत्रकात असतं, आणि दोन १५० एएचच्या बॅटऱ्यांत निवड करताना मी आता आधी तेच बघेन.

आता वहीतला हिशोब सांगते. किमतीतून मोडीचे पैसे वजा करायचे, कारण आज जशी जुनी देऊन नवीन घेतो तशीच पुढच्या वेळीही देणार. मोड शिशाच्या वजनावर जाते, म्हणून हलकीला ३,३००, मधलीला ३,८०० आणि जडला ४,२०० धरले. डिस्टिल्ड वॉटरचा खर्च तिघींना सारखाच, वर्षाला अडीचशे-तीनशे, म्हणून तो बाजूला ठेवला.

पहिली ११,८०० वजा ३,३०० म्हणजे ८,५००. तीन वर्षांनी भागले की वर्षाला २,८३३. दुसरी ९,८००, साडेचार वर्षं, म्हणजे २,१७८. तिसरी १२,२००, सहा वर्षं, म्हणजे २,०३३. सगळ्यात स्वस्त दिसणारी बॅटरी वर्षाला सगळ्यात महाग पडली, आणि तीही चांगल्या फरकानं. पण दुसरी आणि तिसरी यांच्यात वर्षाला फक्त दीडशे रुपयांचं अंतर. एवढ्यासाठी २,८०० रुपये आज जास्त गुंतवावेत असं मला वाटेना.

म्हणून मी हाच हिशोब दुसऱ्यांदा केला, यावेळी नशीब वाईट धरून. प्रत्येक बॅटरी पूर्ण वॉरंटी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी गेली असं समजायचं. मग पहिली दोन वर्षांची, वर्षाला ४,२५०. दुसरी तीन वर्षांची, ३,२६७. तिसरी पाच वर्षांची, २,४४०. इथं चित्र स्पष्ट झालं. दुसरीचं वर्ष चांगल्या नशिबात २,१७८ ला आणि वाईटात ३,२६७ ला पडतं, अकराशे रुपयांची उडी. तिसरीची उडी चारशेची. तिसरीचा वाईट आकडा दुसरीच्या चांगल्या आकड्यापेक्षा अडीचशे रुपयांनीच जास्त. बॅटरी एकच घ्यायची असते, सरासरी काढायला शंभर बॅटऱ्या आपल्याकडं नसतात. तेव्हा मी उडी लहान असलेलीच घेणार होते.

भाड्याच्या घरात राहणारा आणि दोन वर्षांत बदली होणारा माणूस मात्र हाच हिशोब करून पहिली घेईल, आणि ते बरोबरच असेल. एकसष्ट किलोची ॲसिड भरलेली बॅटरी ट्रकमधून नीट नेणं अवघड, विकायला गेलं की वॉरंटीचे उरलेले महिने कुणी मोजत नाही, मोडीचाच भाव येतो.

मग २०० एएचचा विषय निघाला. यजमानांचं म्हणणं होतं की घ्यायचीच तर मोठी घ्या, पावणेआठ तास मिळतात. ३६ अधिक २४ वाली १८,३०० ला होती, मोड ५,००० धरली तर १३,३००. मोठी बॅटरी तेवढ्याच वापरात कमी खोल रिकामी होते, शिवाय ती पावणेआठवरून चारवर यायला जास्त काळ लागायला हवा, म्हणून साडेचारऐवजी पाच वर्षं धरली. वर्षाला २,६६०. तासाला वाटून बघितलं तर ती स्वस्तच दिसते: तिची वर्षाची एक तासाची किंमत ३४३ येते, आणि तेवढ्याच वॉरंटीच्या १५० वालीची ३९६. पण हे वरचे तास आम्ही वापरणारच नाही. चारच्या वर वर्षातनं दोन-तीनदा गरज पडते, तेव्हा एक पंखा बंद केला तरी भागतं.

दुसरी अडचण जास्त गंभीर होती. आमचा इन्व्हर्टर ९०० व्हीएचा, आणि मेकॅनिकनं क्लॅम्पमीटर लावून बघितलं तर तो बॅटरीला अकरा अँपिअरनंच भरतो. चार तासांत ओढलेले अठ्ठ्याऐंशी परत भरायला, घट धरून, नऊ-दहा तास लागतात, ते कुठल्याही बॅटरीला सारखेच. पण २०० ची पूर्ण रिकामी झाली तर अठरा-एकोणीस तास सलग लाईट हवी. जुलैत तेवढी मिळाली नाही तर ती दिवसेंदिवस अर्धी भरलेली राहते, पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, आणि वाढवून धरलेलं अर्धं वर्ष तर जातंच, वरचंही एखादं जातं. एएचच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका चार्जिंगचा करंट असावा असं धरतात. अकराला १५० सुद्धा जरा जडच आहे, २०० तर नकोच. मोठा चार्जर असलेला इन्व्हर्टर सोबत घ्यायचा असेल तर त्याची किंमतही याच भागाकारात घालावी लागेल.

सीमाभागातल्या माणसाच्या मनात कोल्हापूरचा भाव असतोच. माझ्या दिरांनी तिथं विचारलं, तीच ६० महिन्यांची बॅटरी १५,८०० ला. सहाशे रुपये कमी. पूर्वी व्हॅट होता तेव्हा दोन राज्यांत कर वेगवेगळा असायचा आणि काही वस्तू पलीकडून आणणं परवडायचं. १ जुलै २०१७ पासून जीएसटी दोन्हीकडं एकच आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ ला बॅटरीवरचा २८ टक्क्यांचा १८ झाला तोही दोन्हीकडं एकाच दिवशी. मला मिळालेल्या सगळ्या किमती १८ टक्क्यांच्याच होत्या. तेव्हा हे सहाशे फक्त दुकानदाराच्या फायद्यातले. सहा वर्षांवर पसरले तर वर्षाला शंभर. वॉरंटी देशभर चालते हे खरं, पण विकणारा दुकानदार स्वतः फोन करून मागं लागतो तेव्हा बॅटरी लवकर बदलून येते, आणि एकसष्ट किलो घेऊन शंभरावर किलोमीटर एकदा जरी जावं लागलं तरी ते शंभर-शंभर सगळे गाडीभाड्यात जातात. बेळगावातच घ्यायचं ठरलं.

घेताना तीन गोष्टी बघितल्या. बॅटरीवरचा बनवल्याचा कोड दुकानदाराकडून वाचून घेतला, तीन महिन्यांच्या आतली होती. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात हे ठीक, पण वर्षभर न भरता पडून राहिलेल्या बॅटरीत सल्फेट बसायला सुरुवात झालेली असते, ते बिलात दिसत नाही. मग मल्टीमीटर लावायला सांगितलं. भरलेली, विसावलेली ट्युब्युलर साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते. पहिली काढलेली १२.२ दाखवत होती, ती बाजूला ठेवायला लावली. दुसरी १२.५ निघाली. तिसरं, बिलावर बॅटरीचा नंबर आणि "६० महिने पूर्ण" हे शब्द लिहून घेतले आणि दुकानातच मोबाईलवर नोंदणी करून घेतली. नोंदणी राहिली म्हणून दावा अडलेली घरं मेकॅनिकच्या ओळखीत आहेत.

घरी बसवताना त्यानं इन्व्हर्टरच्या मागची एक छोटी कळ दाखवली, फ्लॅट आणि ट्युब्युलर अशा दोन खुणांची. ती ट्युब्युलरवर असल्याची खात्री केली. ट्युब्युलरला भरायला व्होल्टेज थोडं जास्त लागतं. कळ फ्लॅटवर राहिली तर बॅटरी कायम जरा उपाशी राहते, आणि सहाही घरांची ग्रॅव्हिटी, म्हणजे हायड्रोमीटरचा आकडा, सारखीच खाली दिसते ती अशा वेळी. १६,४०० मधून आमच्या जुन्या बॅटरीचे ३,८०० वजा झाले, १२,६०० दिले. वर्षाअखेरीला एकदा, सुट्टीच्या दिवशी, मुख्य स्विच बंद करून दोन पंखे आणि पाच दिवे लावायचे आणि बंद पडेपर्यंतची वेळ वहीत लिहायची, एवढं काम मी स्वतःकडं ठेवलंय. साडेपाच, मग पाच, मग साडेचार असे ते आकडे उतरत जातील. पूर्ण वॉरंटी संपायच्या दोन महिने आधी ग्रॅव्हिटी मात्र नक्की बघून घेणार, कारण एखादं घर खाली असेल तर दावा तेव्हाच करायचा.

हे सगळं ऐकून निपाणीच्या धाकट्या बहिणीनं माझीच बॅटरी घ्यायचं ठरवलं होतं. तिला मी आधी तिचे तास मोजायला सांगितले. तिच्याकडं ओझं आमच्याइतकंच, पण लाईट गेली तरी तासाभरात येते, कधीतरी दोन तास. दोन तासांना १०० एएच पुरते, नवीन असताना तीन तास वीस मिनिटं देते आणि दोनवर यायला तिला बराच वेळ आहे. ३६ अधिक २४ महिन्यांची ९,६०० ला मिळाली, मोड २,५०० धरली तर ७,१००, साडेचार वर्षांनी भागले की वर्षाला १,५७८. वाईट नशिबातही २,३६७, म्हणजे माझ्या बॅटरीच्या वाईट आकड्यापेक्षा कमीच. तिनं तीच घेतली.